सामान किती दिवसांत आलं? कामाचे दिवस, सुट्ट्यांची यादी आणि व्हेंडरनुसार सरासरी

प्रयोगशाळेत काम सुरू केलं की लवकरच एक प्रश्न समोर येतो: प्रायमर किंवा रसायनं कोणत्या व्हेंडरकडून मागवायची? किंमत जवळपास सारखीच असते, त्यामुळे 'कोण लवकर देतो' यावर गोष्ट येते. गाईड विचारतात, "आकडे आहेत का?" आणि मग जुन्या ऑर्डर्सची शीट उघडली जाते.

बहुतेक जण एकच करतात. मिळाल्याच्या तारखेतून ऑर्डरची तारीख वजा करतात आणि सरासरी काढतात. या लेखात आपण एक लहान उदाहरण शेवटपर्यंत सोडवू आणि तेच आकडे मोजण्याच्या पद्धतीनुसार वेगळा निकाल कसा देतात ते पाहू.

उदाहरण

समजा पुण्यातली एक प्रयोगशाळा आहे आणि 'क' व 'ख' असे दोन व्हेंडर आहेत. दोघंही महाराष्ट्रातले, दोघांचाही शनिवार-रविवार बंद. २०२४ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमधल्या प्रत्येकी चार ऑर्डर्स घेऊ.

| व्हेंडर | ऑर्डर | मिळाली | नुसते दिवस | कामाचे दिवस |
|---|---|---|---|---|
| क | ७ ऑक्टो. | १५ ऑक्टो. | ८ | ६ |
| क | १४ ऑक्टो. | २२ ऑक्टो. | ८ | ६ |
| क | २१ ऑक्टो. | २८ ऑक्टो. | ७ | ५ |
| क | ४ नोव्हें. | १३ नोव्हें. | ९ | ७ |
| ख | ३० ऑक्टो. | ७ नोव्हें. | ८ | ५ |
| ख | ३१ ऑक्टो. | ७ नोव्हें. | ७ | ४ |
| ख | १३ नोव्हें. | २२ नोव्हें. | ९ | ५ |
| ख | १४ नोव्हें. | २६ नोव्हें. | १२ | ६ |

नुसते दिवस मोजले तर क ची सरासरी ८ आणि ख ची ९ येते. म्हणजे क बरा. फक्त शनिवार-रविवार वगळले तर क ६ आणि ख ६.५. अजूनही क च पुढे. पण सुट्ट्यांची यादी लावली की क ६ वरच राहतो आणि ख ५ वर येतो. निकाल उलटला!

कारण सोपं आहे. ख च्या सगळ्या ऑर्डर्स दिवाळी आणि निवडणुकीच्या आसपासच्या आहेत. १ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन (शुक्रवार), १५ ला गुरुनानक जयंती (शुक्रवार), २० ला विधानसभेचं मतदान (बुधवार). क च्या एकाही ऑर्डरच्या काळात सोमवार ते शुक्रवारमध्ये सुट्टी पडली नाही. दसरा १२ ऑक्टोबरला आला, पण तो शनिवार होता. म्हणजे आधीच्या दोन सरासऱ्या व्हेंडरचा वेग मोजत नव्हत्या, कोणाला कधी ऑर्डर दिली तेही त्यात मिसळलेलं होतं.

सूत्र आणि त्यातला एक दिवस

शीटमध्ये A मध्ये व्हेंडर, B मध्ये ऑर्डरची तारीख, C मध्ये मिळाल्याची तारीख ठेवा. सुट्ट्या `Holidays` नावाच्या वेगळ्या शीटवर, एका स्तंभात एक तारीख याप्रमाणे लिहा. आपल्या यादीत सहा तारखा आहेत: २ व १२ ऑक्टोबर, १, २, १५ व २० नोव्हेंबर. मग D मध्ये:

```
=IF(C2="","",IF(C2=B2,0,NETWORKDAYS.INTL(B2+1,C2,1,Holidays!$A$2:$A$7)))
```

यातला `1` म्हणजे शनिवार-रविवार साप्ताहिक सुट्टी. व्हेंडर शनिवारी काम करत असेल तर तिथे `11` लिहा, म्हणजे फक्त रविवार वगळला जाईल.

`B2+1` का? कारण `NETWORKDAYS.INTL` पहिला आणि शेवटचा असे दोन्ही दिवस धरतं. सोमवारी ऑर्डर आणि मंगळवारी माल आला तर ते २ सांगतं, आपल्या हिशेबाने मात्र १ दिवस लागला. बरेच जण यावर उपाय म्हणून शेवटी १ वजा करतात. ऑर्डर कामाच्या दिवशी दिली असेल तर ते चालतं. पण शनिवारी ऑनलाइन ऑर्डर टाकली आणि सोमवारी माल आला, तर फंक्शन १ देतं आणि वजाबाकी करून ० येतो. ऑर्डरच्या दुसऱ्या दिवसापासून मोजलं की दोन्ही वेळा उत्तर १ येतं.

मात्र `B2+1` चा स्वतःचा एक खड्डा आहे. माल त्याच दिवशी आला तर सुरुवात शेवटच्या पुढे जाते आणि फंक्शन उलटं मोजून -२ देतं. म्हणून `C2=B2` ची वेगळी अट घातली आहे. ती घातल्यावरही D मध्ये ऋण आकडा दिसला तर समजा, मिळाल्याची तारीख ऑर्डरच्या आधीची भरली गेली आहे. ती ओळ दुरुस्त करा, लपवू नका.

पायथॉनमध्ये काम करणाऱ्यांसाठी: `numpy` मधलं `busday_count` पहिला दिवस धरतं आणि शेवटचा सोडतं. त्यामुळे एक्सेल आणि पायथॉनची उत्तरं एका दिवसाने वेगळी आली तर आधी हे तपासा.

सुट्टी यादीत आहे, पण वगळली जात नाही

ही सगळ्यात त्रासदायक चूक, कारण शीट कुठलीही एरर दाखवत नाही. तुम्ही `02-10-2024` लिहिलंत आणि संगणकाची सेटिंग अमेरिकन असेल, तर ती १० फेब्रुवारी धरली जाते. गांधी जयंती वगळली जात नाही आणि यादीत फेब्रुवारीतली एक चुकीची तारीख येऊन बसते. `15-11-2024` मात्र तशी वाचताच येत नाही, कारण पंधरावा महिना नसतो. ती मजकूर म्हणून राहते आणि सूत्र `#VALUE!` देतं. ही एरर दिसली तर ती फक्त त्याच तारखेची समजू नका. बारापर्यंतच्या तारखांचे दिवस-महिने गुपचूप बदलले असण्याची शक्यता जास्त.

तपासायचं कसं? यादीशेजारच्या स्तंभात हे सूत्र टाका:

```
=TEXT(A2,"ddd dd mmm yyyy")
```

वार आणि महिन्याचं नाव समोर आलं की चूक लगेच डोळ्यात भरते. २ ऑक्टोबर २०२४ ला बुधवार दिसायला हवा.

आता दुसरा प्रश्न: सुट्ट्या कोणाच्या? व्हेंडरचा वेग मोजायचा असेल तर त्याच्या गावच्या. ख जर बंगळुरूचा असता तर २० नोव्हेंबरला त्याच्याकडे मतदान नव्हतं, तो दिवस कामाचा धरावा लागला असता. यादीत फक्त एवढाच फरक धरला तर ख च्या शेवटच्या दोन ऑर्डर्स ६ आणि ७ दिवसांच्या झाल्या असत्या आणि सरासरी ५ ऐवजी ५.५ आली असती. उलट, तुमच्या प्रयोगाचे किती दिवस थांबण्यात गेले हे मोजायचं असेल तर तुमच्या संस्थेची यादी लावा. दोन्ही बरोबर आहेत, पण प्रश्न वेगळे आहेत. कोणती यादी वापरली ते मेथडमध्ये एका वाक्यात लिहा.

व्हेंडरनुसार सरासरी, आणि न आलेली ऑर्डर

G मध्ये व्हेंडरची नावं लिहिली की सरासरी एका ओळीत निघते:

```
=AVERAGEIFS($D$2:$D$10,$A$2:$A$10,G2)
```

नावं सगळीकडे तंतोतंत सारखी हवीत. नावाच्या शेवटी एक स्पेस जास्त पडली तरी ती ऑर्डर मोजणीतून गळते. म्हणून सरासरीशेजारी `COUNTIFS` ने ऑर्डर्सची संख्याही काढा आणि सगळ्यांची बेरीज एकूण ओळींइतकी येते का ते बघा.

वरच्या सूत्रात दहाव्या ओळीपर्यंतची जागा आहे, पण तक्त्यात आठच ऑर्डर्स होत्या. नववी अशी: ख ला ११ नोव्हेंबरला ऑर्डर दिली आणि २९ नोव्हेंबरपर्यंत माल आलेलाच नाही. C रिकामा, म्हणून D रिकामा, आणि `AVERAGEIFS` रिकामं घर सोडून देतं. सरासरी ५ च राहते. म्हणजे ज्याने माल दिलाच नाही, त्याचा उशीर कुठेच दिसत नाही!

११ ते २९ नोव्हेंबर या काळात कामाचे १२ दिवस होऊन गेले. खरा आकडा आपल्याला माहीत नाही, पण तो १२ पेक्षा कमी नक्कीच नाही. १२ धरला तरी ख ची सरासरी ३२ भागिले ५, म्हणजे ६.४ होते. निकाल पुन्हा क च्या बाजूला. आणि ६.४ ही कमीत कमी सरासरी आहे.

इथे मध्यक उपयोगी पडतो. ख चे आकडे चढत्या क्रमाने ४, ५, ५, ६ आणि 'निदान १२'. शेवटचा १२ असो वा ३०, मधला आकडा ५ च राहतो. क चा मध्यक ६. जोपर्यंत बाकी ऑर्डर्सची आजवरची प्रतीक्षा मध्यकापेक्षा जास्त आहे, तोपर्यंत मध्यक खात्रीने सांगता येतो. त्यासाठी E मध्ये:

```
=IF(C2="",NETWORKDAYS.INTL(B2+1,$J$1,1,Holidays!$A$2:$A$7),D2)
```

आणि मध्यकासाठी:

```
=MEDIAN(IF($A$2:$A$10=G2,$E$2:$E$10))
```

जुन्या एक्सेलमध्ये हे दुसरं सूत्र `Ctrl+Shift+Enter` ने द्यावं लागतं. J1 मध्ये हिशेबाची तारीख, इथे २९ नोव्हेंबर, हाताने लिहा. तिथे `TODAY()` टाकलंत तर आकडे रोज बदलतील आणि प्रबंधातला तक्ता पुन्हा कधीच जुळणार नाही.

उशीर म्हणजे वेगळं

लागलेले दिवस आणि उशीर एक नाहीत. दोघांनीही कामाच्या ५ दिवसांत माल देतो असं सांगितलं असेल, तर क चा उशीर १, १, ० आणि २ दिवस. ख च्या आलेल्या ऑर्डर्सचा ०, -१, ० आणि १. याची सरासरी घेतली तर शून्य येतं, कारण एक दिवस लवकर आलेल्या मालाने दुसऱ्याचा उशीर पुसून टाकला. तुमचा प्रयोग मात्र त्या दिवशी थांबलेलाच होता. म्हणून `IF(D2="","",MAX(0,D2-5))` घ्या. मग क चा सरासरी उशीर १ दिवस, आणि ख चा आलेल्या मालापुरता पाव दिवस. न आलेली ऑर्डर निदान ७ दिवस उशिरा आहे, ती स्वतंत्र लिहा.

आता गाईडना काय सांगायचं? 'ख ची सरासरी ५' एवढंच सांगणं अपुरं आहे. असं लिहा: क, ४ ऑर्डर्स, मध्यक ६, सर्वांत जास्त ७, बाकी काही नाही. ख, ५ ऑर्डर्स, मध्यक ५, त्यातली एक कामाच्या १२ दिवसांनंतरही बाकी. इतक्या थोड्या ऑर्डर्सवरून कोण चांगला हे ठरत नाही, पण निवड कशातली आहे ते कळतं: नेहमी थोडा उशिरा येणारा, की एरवी वेळेवर पण एखाद्या वेळी गायब होणारा. रोज लागणाऱ्या, साठवून ठेवता येणाऱ्या प्लास्टिकवेअरसाठी ख चालेल. ज्या प्रयोगाची तारीख हलवता येत नाही, त्यासाठी क कडे दोन दिवस आधी ऑर्डर टाका.