नकाशावर फुगणारी जमीन

एक एकराचं, म्हणजे 40 गुंठ्यांचं शेत घ्या. पुण्या-नगरकडचं कुठलंही. मोबाइलवरच्या नकाशावर त्याच्या चारी बाजू रेखा आणि त्या सपाट नकाशाच्याच मापाने क्षेत्रफळ काढा. उत्तर येईल जवळपास 45 गुंठे. मोजणीत चूक नसते. वाढलेले पाच गुंठे नकाशाचे असतात.

वेबवरचे बहुतेक नकाशे मर्केटरच्या पद्धतीचे असतात. मर्केटरने 1569 मध्ये ही पद्धत खलाशांसाठी आणली. होकायंत्राची एकच दिशा धरून गेलेली वाट तीत सरळ रेघ दिसते. त्यासाठी त्याने काय केलं? उत्तरेकडे रेखावृत्तं खरं तर एकमेकांजवळ येत जातात, पण त्याने ती समांतर ठेवली आणि जमीन जेवढी आडवी ताणली तेवढीच उभीही ताणली. आकार बिघडला नाही, क्षेत्रफळ मात्र दोनदा ताणलं गेलं. आपल्याकडे हा फुगवटा बाराएक टक्क्यांचा. 60 अंशांवर तो चौपट होतो.

शेतापुरतं हे दुखणं किरकोळ आहे. शेताच्या या बांधापासून त्या बांधापर्यंत फुगवटा बदलतच नाही, त्यामुळे एका भागाकारात खरं उत्तर हाती येतं. ग्रीनलंडचं तसं नाही. त्याचं दक्षिण टोक 60 अंशांच्या आसपास आणि उत्तर टोक 83 च्याही पुढे. खाली जमीन चौपट फुगलेली, वर साठपटींहून जास्त. मग भागायचं कशाने? म्हणूनच साडेएकवीस लाख चौरस किलोमीटरचं ग्रीनलंड शाळेच्या भिंतीवर भारताला झाकोळून टाकतं. प्रत्यक्षात भारत त्याच्या दीडपट आहे.

गोलावरचं क्षेत्रफळ मोजण्याची सोपी युक्ती आर्किमिडीजपासून चालत आली आहे. गोलाभोवती बरोब्बर बसेल असं नळकांडं कल्पा. गोलाचा आडवा काप घेतला, तर त्या पट्ट्याचं क्षेत्रफळ नळकांड्याच्या तेवढ्याच उंचीच्या पट्ट्याएवढं भरतं. ध्रुवाकडे पट्टा अरुंद होतो, पण तितकाच कलताही होतो, आणि दोन्हींचा हिशेब नेमका फिटतो. उंची मात्र पृथ्वीच्या आसाच्या दिशेने धरायची, जमिनीवरून चालत नाही.

करून पाहू. विषुववृत्तावर 10 अंश रेखांश म्हणजे 1112 किलोमीटर. 0 ते 10 अक्षांशांच्या कापाची उंची 1106 किलोमीटर. गुणाकार 12.3 लाख चौरस किलोमीटर. आता 70 ते 80 अंश. जमिनीवरून हे अंतरही अकराशे किलोमीटरच आहे, पण आसाच्या दिशेने उंची भरते अवघी 287. रुंदी तीच 1112 धरायची, आणि उत्तर येतं 3.2 लाख. अंशांच्या चौकटीच्या कागदावर हे दोन्ही चौकोन सारखे दिसतात. मर्केटरवर तर दुसरा 50 लाखांच्या घरात जातो!

यावर उपाय आहे. लॅम्बर्टने 1772 मध्ये त्याच नळकांड्यावरून समक्षेत्र नकाशा काढला. क्षेत्रफळ खरं, आकार चपटे. दोन्ही एकाच सपाट कागदावर मिळत नाहीत, त्यामुळे मोजायचं असेल तर आकाराचा मोह सोडावा.

एवढं करूनही एक फसगत उरते, आणि जाणते लोकही तीत सापडतात. ती प्रदेशाच्या कडेची. अमेरिका आणि कॅनडाची सीमा 95 ते 123 अंश पश्चिम रेखांशांच्या दरम्यान 49 व्या अक्षवृत्ताने जाते. संगणकाला या कडेची फक्त दोन टोकं दिली तर मधली रेघ कुठून न्यायची? सपाट नकाशा अक्षवृत्तावरून नेतो. गोलावर मात्र दोन बिंदूंमधली ‘सरळ’ रेघ म्हणजे सर्वांत जवळची वाट, आणि ती उत्तरेकडे बाक घेते. मध्यावर ती सीमेच्या सुमारे 95 किलोमीटर वर, थेट कॅनडात असते. अमेरिकेला यात फुकट मिळतात जवळपास 1.29 लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राचा दोन पंचमांश भाग. सूत्र बरोबर, बिंदू बरोबर, तरी उत्तर चूक.

PostGIS मध्ये हेच बिंदू `geometry` म्हणून आणि `geography` म्हणून ठेवले तर कडा अशाच दोन तऱ्हांनी धरल्या जातात. फसगत ओळखायची खूण सोपी आहे: कडेवर आणखी बिंदू घाला आणि पुन्हा मोजा. गोलावरचं उत्तर लक्षणीय बदललं, तर आधीची कड अक्षवृत्ताला धरून नव्हती. वरच्या सीमेवर दर अंशाला एक बिंदू दिला, की 1.29 लाखांची चूक सुमारे 165 चौरस किलोमीटरवर येते.