साखरेचा कोटा आणि मतपेटी

1983 मध्ये अमेरिकेने निकाराग्वाच्या साखरेचा आयात कोटा 58 हजार टनांवरून एकदम 6 हजार टनांवर आणला. आर्थिक मदत दोन वर्षांपूर्वीच बंद झाली होती. मे 1985 मध्ये संपूर्ण व्यापारबंदी लागू झाली. निकाराग्वातले डावे सँडिनिस्टा सरकार एल साल्वादोरमधल्या बंडखोरांना शस्त्रे पुरवते, असा वॉशिंग्टनचा आरोप होता. याच काळात सँडिनिस्टांविरुद्ध लढणाऱ्या ‘काँट्रा’ टोळ्यांना अमेरिका पैसा, शस्त्रे आणि प्रशिक्षण देत होती. निकाराग्वाने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दाद मागितली.

निकाल 27 जून 1986 रोजी लागला. तेव्हा न्यायालयाचे अध्यक्ष होते भारताचे नागेंद्र सिंह. दुसऱ्या देशाच्या अंतर्गत कारभारात ढवळाढवळ करू नये, हे तत्त्व आज मोजले जाते ते मुख्यतः या निकालाच्या मापाने. न्यायालय दोन गोष्टी पाहते. दबाव कशावर आणला गेला? सरकार, अर्थव्यवस्था, परराष्ट्र धोरण यांची निवड हा प्रत्येक देशाचा स्वतःचा अधिकार आहे. त्यावर दबाव आला असला पाहिजे. आणि तो कसा आणला गेला? त्यात सक्ती हवी. नुसती टीका, आग्रह किंवा नापसंती पुरत नाही.

काँट्रांना दिलेली मदत या कसोटीवर सरळसरळ बेकायदा ठरली. साखरेच्या बाबतीत मात्र न्यायालयाने जेमतेम एका वाक्यात सांगितले, की या आर्थिक उपायांना तत्त्वाचा भंग मानता येत नाही. सविस्तर कारणे दिली नाहीत. त्यामागचा विचार ओळखता येतो: कोणत्याही देशावर दुसऱ्याशी व्यापार करण्याची मुळात सक्ती नाही, मग तो थांबवला म्हणून गुन्हा कसा? पण करार असेल तर चित्र बदलते. दोन्ही देशांत 1956 चा मैत्री व व्यापार करार होता, आणि व्यापारबंदीने तो मोडला असे याच न्यायालयाने ठरवले. साखरेच्या कोट्याचा वाद आधीच, 1984 मध्ये, गॅटच्या तज्ज्ञ मंडळापुढे गेला होता आणि तिथेही निर्णय निकाराग्वाच्या बाजूने लागला होता. तरी कोटा काही पूर्ववत झाला नाही.

म्हणजे आर्थिक दबावाखालच्या देशाला कायदा तारतो तो बहुधा एखाद्या कराराच्या आधारे. करार नसलेल्या गरीब देशाने काय करायचे, हा प्रश्न तसाच उरतो. मला हे अपुरे वाटते. व्यापार थांबवणे वेगळे आणि ‘सरकार बदला, मग व्यापार सुरू करू’ असे सांगणे वेगळे. दुसऱ्यात सक्ती आहेच.

निवडणुकीच्या बाबतीत हीच कसोटी दुसऱ्या जागी अडते. मे 2014 मध्ये युक्रेनच्या अध्यक्षीय निवडणुकीत हॅकर्सनी केंद्रीय निवडणूक आयोगाच्या यंत्रणेत घुसखोरी केली. उजव्या गटाचे दिमित्रो यारोश 37 टक्के मते घेऊन आघाडीवर असल्याचा खोटा निकाल झळकवायची तयारी झाली होती. तो डाव ऐनवेळी पकडला गेला, तरी रशियन दूरचित्रवाणीने तोच आकडा दाखवला. यारोश यांना प्रत्यक्षात एक टक्काही मते नव्हती. मतमोजणीत असा हात घालणे हा भंगच, यावर फारसा वाद नाही. अमेरिका आणि ब्रिटनच्या सरकारी कायदेतज्ज्ञांनीही तसे जाहीरपणे म्हटले आहे.

2016 मध्ये अमेरिकेत झाले ते वेगळे. रशियाच्या लष्करी गुप्तचरांनी डेमोक्रॅटिक पक्षाचे ईमेल चोरून फोडले आणि सेंट पीटर्सबर्गच्या एका कंपनीने अमेरिकी नागरिकांची सोंगे घेऊन समाजमाध्यमांवर प्रचार केला. मत मात्र मतदाराने स्वतःच दिले. मग सक्ती कुठे? ओबामा सरकारने 35 रशियन अधिकाऱ्यांची हकालपट्टी केली, पण त्यात हस्तक्षेपबंदीचा भंग झाला असे काही म्हटले नाही. माझ्या मते उघड प्रचार आणि खोट्या ओळखीने केलेला प्रचार यांत कायद्याने फरक करायला हवा, कारण बोलणारा कोण हेच लपवले तर मतदाराला त्याचे बोलणे पारखता येत नाही.

हे दोन्ही प्रश्न एकत्र आले ते पुन्हा निकाराग्वातच. नोव्हेंबर 1989 मध्ये विरोधी उमेदवार व्हायोलेटा चामोरो व्हाइट हाउसमध्ये गेल्या आणि त्या जिंकल्यास व्यापारबंदी उठवू, असे राष्ट्राध्यक्ष बुश यांनी जाहीर केले. त्यांच्या आघाडीला अमेरिकेचा पैसाही मिळत होता, तोही उघडपणे. फेब्रुवारी 1990 मध्ये चामोरो जिंकल्या. त्या मतांमागे सक्तीची लष्करभरती, भडकलेली महागाई आणि युद्धाचा वीट हीसुद्धा कारणे होती. व्यापारबंदीमुळे किती मते फिरली हे वेगळे काढता येत नाही. असा दावा न्यायालयात टिकवणे अवघड जाते ते नेमके याच कारणाने. तरी आश्वासन कशाबद्दल होते ते पाहा: सरकारची निवड. आणि त्यासाठी वापरलेले साधन म्हणजे लोकांच्या पोटाशी बांधलेली बंदी.

बंदी मार्चमध्येच, चामोरो यांच्या शपथविधीआधी उठली. या आश्वासनाची कायदेशीर पारख कोणत्याही न्यायालयात झाली नाही. 1986 च्या निकालाने ठरवलेली भरपाईही कधी निश्चित झाली नाही, कारण 1991 मध्ये चामोरो सरकारने खटलाच मागे घेतला.