बारा शेअरचे एकशे वीस झाले, तेव्हा

16 जून 2025 रोजी, सोमवारी, पुण्याच्या बजाज फायनान्सचा शेअर बाजारात नव्या भावाने उघडला. शुक्रवारी तो नऊ हजारांच्या घरात होता, सोमवारी नऊशेंच्या घरात. कंपनीने दोन गोष्टी एकाच दिवशी केल्या होत्या. दोन रुपये दर्शनी मूल्याच्या शेअरचे एकेक रुपयाचे दोन शेअर केले आणि मग प्रत्येक शेअरमागे चार शेअर बोनस दिले. अशा सकाळी मोबाइलवरचं ॲप उघडणाऱ्याचा जीव घाबरा होतो. भाव नवा दिसतो, शेअरची संख्या मात्र जुनीच असते, आणि दोन्हींचा गुणाकार करून ॲप मोठ्ठा तोटा दाखवतं. त्या क्षणी काहीही विकू नये. रेकॉर्ड डेटला भाव लगेच बदलतो, पण नवे शेअर खात्यात यायला एक-दोन दिवस लागतात. बोनसच्या शेअरांची खरेदी-विक्री रेकॉर्ड डेटनंतर दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी सुरू व्हावी, असा सेबीचा नियम ऑक्टोबर 2024पासून लागू आहे. तेवढी वाट पाहावी आणि मग हिशेब तपासायला बसावं.

तपासायला बसताना पहिली गोष्ट ध्यानात घ्यायची, ती म्हणजे कोणता कागद काय सांगतो. एनएसडीएल किंवा सीडीएसएलकडून येणारं विवरण शेअर किती आहेत हे सांगतं आणि त्या दिवसाच्या बाजारभावाने त्यांची किंमत सांगतं. ते तुम्ही केवढ्याला घेतले होते, हे डिपॉझिटरीला ठाऊकच नसतं. ‘सरासरी भाव’ हा रकाना असतो ब्रोकरच्या ॲपमध्ये. तो ब्रोकरने आपल्याकडच्या व्यवहारांवरून मांडलेला हिशेब असतो. म्हणून संख्येसाठी डिपॉझिटरीचा कागद प्रमाण मानावा आणि भावासाठी आपल्या खरेदीच्या कॉन्ट्रॅक्ट नोटा. ब्रोकरचा आकडा या दोन्हींशी ताडून पाहायचा. शेअर दुसऱ्या डिमॅट खात्यातून आणलेले असतील, तर नव्या ब्रोकरकडे त्यांचा खरेदीभाव पुष्कळदा नसतोच. तिथे तो रकाना रिकामा किंवा चुकीचा दिसण्याची शक्यता अधिक.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, एका बाईंनी मार्च 2023मध्ये बजाज फायनान्सचे 8 शेअर 6,000 रुपयांनी घेतले आणि डिसेंबर 2024मध्ये आणखी 4 शेअर 6,900 रुपयांनी. एकूण 12 शेअर, खर्च 75,600 रुपये, सरासरी 6,300 रुपये. स्प्लिटनंतर 12चे 24 झाले आणि सरासरी 3,150वर आली. आता बोनस. 4:1 म्हणजे हातातल्या एका शेअरमागे चार नवे, जुना आहेच. 24 शेअरांवर 96 नवे आले, एकूण 120. इथे बरेच जण फसतात. चारचं प्रमाण म्हणजे चौपट, असं समजून ते 96 शेअरांची अपेक्षा धरतात. बोनसमध्ये आधी नवे शेअर आणि मग जुने, अशा क्रमाने प्रमाण लिहितात. म्हणून 1:1 बोनसमध्ये शेअर दुप्पट होतात आणि 4:1मध्ये पाचपट.

75,600ला 120ने भागलं की सरासरी येते 630. तपासणीची खूण अगदी साधी आहे: संख्या गुणिले सरासरी भाव हे उत्तर आधी जितकं होतं, तितकंच नंतरही आलं पाहिजे. बाईंच्या खिशातून नवा रुपया गेलेला नाही, मग गुंतवलेली रक्कम बदलेल कशी? ॲपने 120 शेअर आणि सरासरी 3,150 दाखवली, तर गुणाकार होतो 3,78,000. म्हणजे स्प्लिटची नोंद झाली, बोनसचे शेअर आले, पण त्यांचा परिणाम सरासरीवर पडायचा राहिला. दोन-चार दिवसांत आकडा सुधारला नाही, तर जुनी कॉन्ट्रॅक्ट नोट जोडून ब्रोकरला लेखी कळवावं.

डिपॉझिटरीच्या विवरणात आणखी एक बदल दिसतो, आणि तो पाहून शेअर गायब झाल्याची शंका येते. प्रत्येक शेअरला आयएसआयएन नावाचा बारा अक्षर-अंकांचा क्रमांक असतो. दर्शनी मूल्य बदललं की हा क्रमांक बदलतो. त्यामुळे स्प्लिटमध्ये जुन्या क्रमांकाचे 12 शेअर खात्यातून वजा होतात आणि नव्या क्रमांकाचे 24 जमा होतात. बोनसमध्ये दर्शनी मूल्य तेच राहतं, म्हणून तिथे फक्त जमेची नोंद दिसते. वजा आणि जमा या दोन ओळी शेजारी ठेवून वाचल्या की उलगडा होतो.

इथवर सगळं सरळ आहे. खरी गुंतागुंत आहे ती प्राप्तिकरात, आणि माझ्या मते या विषयातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट तीच. 630 ही सरासरी प्राप्तिकर खात्याला मान्य नाही. त्यांच्या दृष्टीने स्प्लिटमध्ये जुना खर्च नव्या शेअरांत वाटला जातो आणि खरेदीची तारीख जुनीच राहते. बोनसच्या शेअरांचा खर्च मात्र शून्य धरतात आणि त्यांची तारीख वाटपाच्या दिवसापासून मोजतात. म्हणजे बाईंच्या 120 शेअरांचे खरे तर तीन ढीग आहेत: मार्च 2023चे 16, प्रत्येकी 3,000 रुपयांचे, डिसेंबर 2024चे 8, प्रत्येकी 3,450चे, आणि जून 2025चे 96, ज्यांचा खर्च शून्य. एकूण खर्च मोजलात तर तोच, 75,600.

समजा, बाईंनी ऑगस्ट 2025मध्ये 20 शेअर 900 रुपयांनी विकले. ॲप म्हणेल, शेअरमागे 270 रुपये, म्हणजे 5,400 रुपये नफा. पण डिमॅटमध्ये जो आधी आला तो आधी विकला, असं धरतात. त्यामुळे पहिल्या ढिगातले 16 आणि दुसऱ्यातले 4 गेले. त्यांचा खर्च 61,800 रुपये, विक्री 18,000ची. करासाठी हा 43,800 रुपयांचा तोटा आहे. त्यातला 33,600चा दीर्घ मुदतीचा, कारण ते शेअर बारा महिन्यांहून जास्त काळ हातात होते. उरलेला 10,200चा अल्प मुदतीचा. ॲपवरचा नफा पाहून बाईंनी विवरणपत्रात 5,400 रुपये नफा लिहिला, तर त्या न झालेल्या नफ्याचा आकडा भरतील आणि पुढच्या वर्षांत वळता करून घेता येणारा तोटाही गमावतील.

अशा तोट्याला कायद्याने एक अडसर घातला आहे. रेकॉर्ड डेटच्या आधीच्या तीन महिन्यांत शेअर घेतले, बोनस मिळवला आणि बोनसचे शेअर हाती ठेवून नऊ महिन्यांच्या आत मूळ शेअर विकले, तर तो तोटा धरत नाहीत. तो बोनसच्या शेअरांचा खर्च मानला जातो. बाईंची शेवटची खरेदी सहा महिने आधीची, म्हणून त्यांना ही अडचण नाही.

बाईंकडे आता 100 शेअर उरले. त्यातले 4 अजून 3,450 रुपयांचे आहेत. ते संपले की पुढे विकलेल्या प्रत्येक शेअरची पूर्ण रक्कम, विक्रीचा खर्च वजा जाता, नफा म्हणूनच मोजली जाईल. ॲपवर त्या दिवशीही खरेदीभाव म्हणून 630 रुपये दिसत असले, तरीही.