रीडिंग बरोबर, बिल मात्र दुप्पट

हॉटेलचं किंवा दुकानाचं वीजबिल एकाएकी फुगलं की मालक आधी मीटरपाशी जाऊन आकडा बघतो. मीटरवरचा आकडा आणि बिलावरचं चालू रीडिंग जुळलं की त्याचा आवाज बसतो. उन्हाळा आहे, एसी जास्त चालला असेल, असं मनाशी म्हणून तो पैसे भरतो. काही जण ‘मीटर फास्ट आहे’ असा अर्ज देतात. मीटरची तपासणी होते, ‘मीटर ओके’ असा शेरा मिळतो आणि तक्रार निकाली निघते. मीटर खरोखरच ठीक असतो. चूक असते बिलावरच्या एका लहानशा रकान्यात, आणि तो रकाना फारसं कुणी वाचत नाही. त्याचं नाव ‘गुणक अवयव’.

घरच्या बिलावर हा आकडा बहुतेक वेळा एक असतो, म्हणून त्याकडे लक्ष जाण्याचं कारण नसतं. जास्त भाराच्या व्यापारी जोडणीत मात्र सगळा प्रवाह मीटरमधून थेट नेत नाहीत. केबलभोवती सीटी, म्हणजे करंट ट्रान्सफॉर्मर बसवतात. १००/५ असं लिहिलेला सीटी १०० अँपिअरच्या प्रवाहाचं ५ अँपिअर इतकं प्रमाणशीर रूप मीटरला दाखवतो. मीटरच्या पाटीवरही असंच गुणोत्तर छापलेलं असतं. सीटी १००/५ आणि मीटरही १००/५ असेल तर मीटरवर दिसतात तीच खरी युनिट, आणि गुणक १. सीटी १००/५ पण मीटर ५०/५ असेल तर मीटर निम्मीच युनिट दाखवतो, म्हणून बिल करताना त्यांना २ ने गुणावं लागतं. सीटीचं गुणोत्तर भागिले मीटरचं गुणोत्तर, एवढंच हे गणित आहे.

घोळ होतो तो मीटर बदलताना. जुना ५०/५ चा मीटर काढून १००/५ चा बसवला, सीटी तेच ठेवले, आणि संगणकातल्या नोंदीत गुणक २ चा २ च राहिला, तर त्या दिवसापासून प्रत्येक युनिट दोनदा मोजलं जातं. मागणीचंही तेच होतं. २० किलोवॅटच्या वरच्या व्यापारी ग्राहकाला युनिटबरोबर कमाल मागणीचेही पैसे पडतात. मीटरने नोंदवलेली १६.५ केव्हीए मागणी बिलावर ३३ होते. करार ३० केव्हीएचा असेल, तर न केलेल्या अतिरिक्त मागणीचा दंडही माथी बसतो. बिल अचानक वाढलं आणि त्याच महिन्यात मीटर बदललेला असेल, तर पहिला संशय गुणकावर घ्यावा.

संशय खरा आहे का, हे ग्राहकाला स्वतः पाहता येतं. हॉटेल उघडण्याआधी फ्रीजरसकट सगळं बंद करायचं आणि दोन-दोन किलोवॅटची पाणी तापवायची तीन उपकरणं अर्धा तास चालू ठेवायची. मधेच थर्मोस्टॅटने ती बंद होऊ नयेत म्हणून पाणी थंडच भरावं आणि लक्ष ठेवावं. सहा किलोवॅट अर्धा तास म्हणजे तीन युनिट. मीटर तीनच्या आसपास पुढे सरकला तर तो पूर्ण युनिट दाखवतोय आणि गुणक १ हवा. दीडच्या आसपास सरकला तर २ बरोबर आहे. व्होल्टेज कमीजास्त असल्यामुळे आकडा थोडा हलेल, पण दीड आणि तीन यांत गल्लत होणार नाही. बिल `kVAh` वर असेल तर मीटरच्या पडद्यावर तोच आकडा पुढेमागे वाचावा. सीटीची पेटी मात्र उघडायची नाही. तिला सील असतं, आणि सील तुटलेलं सापडलं की तक्रारदारच वीजचोरीच्या संशयात येतो. पेटीतली पाटी वाचून घेण्यासाठी संयुक्त पाहणी मागायची.

आता अर्ज. कितीही वैताग आला असला तरी अर्जात तो नसावा. वाचणाऱ्या अभियंत्याला आकडे मिळाले पाहिजेत आणि नेमकं काय करायचं ते कळलं पाहिजे. उदाहरणासाठी एक उपाहारगृह घेऊ, मंजूर भार २५ किलोवॅट. १४ फेब्रुवारीला मीटर बदलला, आणि मे महिन्याच्या सुरुवातीला हा अर्ज दिला.

प्रति,
मा. उपकार्यकारी अभियंता,
उपविभागीय कार्यालय.

विषय : मीटर बदलानंतर चुकीच्या गुणकाने झालेली जादा आकारणी दुरुस्त करणेबाबत. (ग्राहक क्रमांक, जुना व नवा मीटर क्रमांक)

महोदय,

आमच्या वरील व्यापारी जोडणीचा मीटर १४ फेब्रुवारी रोजी आपल्या कर्मचाऱ्यांनी बदलला. मीटर बदल अहवालानुसार जुन्या मीटरचं अंतिम रीडिंग ५१,०२० आणि नव्या मीटरचं सुरुवातीचं रीडिंग ६ आहे. जुना मीटर ५०/५, नवा मीटर १००/५ असून सीटी १००/५ आहेत व ते बदललेले नाहीत. त्यामुळे नव्या मीटरचा गुणक १ असायला हवा. बिलं मात्र गुणक २ धरून आली आहेत.

फेब्रुवारी : जुना मीटर ५०,१६० ते ५१,०२०, फरक ८६०, गुणक २, युनिट १,७२०. हे मान्य आहे. नवा मीटर ६ ते १,७८६, फरक १,७८०. आकारणी ३,५६० युनिटची झाली.

मार्च : १,७८६ ते ५,८९६, फरक ४,११०. आकारणी ८,२२० युनिटची.

एप्रिल : ५,८९६ ते १०,२६६, फरक ४,३७०. आकारणी ८,७४० युनिटची.

अशी एकूण १०,२६० युनिट जादा आकारली आहेत. मीटर बदलण्यापूर्वी जानेवारीत आमचा वापर ३,८९६ युनिट होता. मार्चमध्ये मीटरने नोंदवलेली कमाल मागणी १६.५ केव्हीए असताना बिलात ३३ केव्हीए धरली आहे.

तरी विनंती की, आमच्या उपस्थितीत संयुक्त पाहणी करून मीटर व सीटीच्या पाट्यांची नोंद घ्यावी. १४ फेब्रुवारीपासून गुणक १ धरून तिन्ही बिलं दुरुस्त करावीत. ही दुरुस्ती करताना वीज आकाराबरोबरच मागणी आकार, अतिरिक्त मागणीचा दंड, वहन आकार, इंधन समायोजन, विद्युत शुल्क, वीज विक्री कर आणि थकबाकीवरील व्याज यांचाही फेरहिशोब करावा. आम्ही जादा भरलेली रक्कम वीज कायदा २००३ च्या कलम ६२(६) नुसार व्याजासह पुढील बिलात जमा करावी. दुरुस्ती होईपर्यंत वादग्रस्त रकमेसाठी पुरवठा खंडित करू नये.

सोबत : मीटर बदल अहवाल, जानेवारी ते एप्रिलची बिलं, मीटरचे तारीखवार फोटो.

अर्ज इथे संपतो. त्यात रुपयांचा एकही आकडा नाही, आणि तो मुद्दामच घातलेला नाही. दर बदलतात, इंधन समायोजन महिन्यागणिक वेगळं असतं, आणि ग्राहकाने काढलेल्या रकमेत शंभर-दोनशे रुपयांचा फरक निघाला की चर्चा त्या फरकावरच अडते. युनिटचा आकडा वजाबाकीतून येतो, त्यावर वाद घालता येत नाही. रुपये कार्यालयाने काढावेत. पण कोणकोणत्या रकान्यांचा हिशोब नव्याने व्हायचा आहे, ते आपण नाव घेऊन लिहावं. महाराष्ट्रात व्यापारी ग्राहकाला विद्युत शुल्क घरगुती ग्राहकापेक्षा चढ्या टक्क्याने लागतं आणि ते बाकीच्या आकारांवर बसतं. नुसता वीज आकार दुरुस्त झाला तर फुगलेलं शुल्क तसंच राहतं.

जुन्या मीटरचे १,७२० युनिट ‘मान्य’ लिहिण्यालाही कारण आहे. जे बरोबर आहे ते ग्राहकाने आपणहून कबूल केलं की वाद तेवढ्यापुरता उरतो. शिवाय जुन्या मीटरला गुणक २ खरोखरच योग्य होता. ‘सगळीच बिलं चुकली’ असं लिहिलं असतं तर ते खोटं ठरलं असतं आणि खरी तक्रारही हलकी झाली असती.

या अर्जातला सर्वांत मोलाचा कागद मीटर बदल अहवाल. मीटर बदलून कर्मचारी निघतात तेव्हा त्यांच्या कागदावर अंतिम आणि सुरुवातीचं रीडिंग, दोन्ही मीटरचे क्रमांक आणि गुणोत्तरं लिहिलेली असतात. त्याची प्रत त्याच वेळी मागावी, निदान फोटो काढावा. प्रत नसेल तर अर्जात तीही मागावी, आणि ग्राहकाच्या खात्याचा महिनावार उतारा, ज्याला कार्यालयात ‘सीपीएल’ म्हणतात, तोही मागावा. गुणकाची नोंद त्या उताऱ्यात दिसते. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह आवक शिक्का घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नये. पुढच्या सगळ्या मुदती त्या तारखेवर मोजल्या जातात.

दुरुस्त बिल येईपर्यंत काय भरायचं, हा प्रश्न सर्वांत जास्त छळतो. बिल अजिबात न भरणं धोक्याचं, आणि पूर्ण भरणं म्हणजे दुपटीचा भुर्दंड. वीज कायद्याच्या कलम ५६(१) मध्ये यावर वाट आहे. थकबाकीसाठी पुरवठा तोडण्याआधी १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते, आणि ग्राहकाने मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांची सरासरी, यांपैकी कमी असेल ती निषेध नोंदवून भरली तर वाद मिटेपर्यंत पुरवठा तोडता येत नाही. इथे एक खाच आहे. सहा महिन्यांच्या सरासरीत दुपटीची बिलं शिरली की सरासरीही चढते. तक्रार जितकी उशिरा, तितकी ती सरासरी ग्राहकाच्या विरुद्ध जाते. पैसे भरताना ‘निषेधासह भरणा’ असं लेखी पत्र द्यावं, कारण पावतीवर तसं काही छापलेलं नसतं.

उपविभागाने दाद दिली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आहे. तिथे तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं. मंचाचा निर्णय पटला नाही तर ६० दिवसांत विद्युत लोकपालाकडे जाता येतं. महाराष्ट्रात लोकपालांची कार्यालयं मुंबई आणि नागपूरला आहेत. दोन्हीकडे वकील लागतोच असं नाही. वरचाच अर्ज, शिक्क्याची प्रत आणि उत्तर मिळालं असेल तर ते, एवढं जोडलं तरी मूळ प्रकरण उभं राहतं.

गुणकाची चूक उलट दिशेनेही होते, आणि तेव्हा ग्राहक सुखात असतो. हरियाणातल्या प्रेम कॉटेक्स या सूत उत्पादक कंपनीला गुणक १० ऐवजी ५ धरून काही वर्षं बिलं दिली गेली. चूक सापडल्यावर वीज कंपनीने एक कोटीहून अधिक रुपयांची मागणी केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २०२१ मध्ये निकाल वीज कंपनीच्या बाजूने लागला. हिशोबातून सुटलेल्या वापराची मागणी करणं म्हणजे सेवेतली त्रुटी नव्हे, असं न्यायालयाने म्हटलं. म्हणून मीटर बदलल्यानंतर बिल अचानक निम्मं झालं, तरीही गुणकाचा रकाना तपासावा आणि तसाच अर्ज द्यावा. वर्षांनी येणाऱ्या एकरकमी मागणीपेक्षा दोन महिन्यांचा फरक भरणं धंद्याला झेपतं.

आपल्या उपाहारगृहाचा अर्ज मान्य झाला, तर महावितरणच्या कार्यालयात बिल दुरुस्तीचा प्रस्ताव तयार होतो. तिथे त्याला ‘बी-८०’ म्हणतात, आणि तो मंजूर झाला की रक्कम पुढच्या बिलात वजा होऊन येते. त्या बिलावर तीन गोष्टी पाहायच्या. समायोजनात १०,२६० युनिटचा हिशोब आला का. मार्च-एप्रिलचा अतिरिक्त मागणीचा दंड निघाला का. आणि गुणक अवयवाच्या रकान्यात आता १ आहे का. शेवटचं चुकलं असेल, म्हणजे जुनी रक्कम परत केली पण नोंद २ च राहिली असेल, तर मे महिन्याचं बिलही दुप्पटच येईल. तेव्हा आधीच्या अर्जाचा आवक क्रमांक टाकून त्याच दिवशी दुसरा अर्ज द्यायचा.