सुरतेला उतरलेला मुलगा

25 मार्च 1916. बडोद्याहून मुंबईला निघालेल्या गाडीत वीस वर्षांचा एक विद्यार्थी बसला होता. मुंबई विद्यापीठाची इंटरची परीक्षा द्यायला तो चालला होता, निदान घरी तरी असंच ठाऊक होतं. गाडी सुरतेला थांबली तेव्हा तो दोन मित्रांसह खाली उतरला, मुंबईचा रस्ता सोडला आणि भुसावळमार्गे काशीची गाडी धरली. जाण्याआधी त्याने वडिलांना पत्र लिहिलं. परीक्षेला न जाता मी दुसरीकडे जातो आहे, कुठेही गेलो तरी गैर असं काही माझ्या हातून होणार नाही याची खात्री बाळगा, एवढाच त्याचा आशय होता. कुठे चाललो आहे, ते त्यात नव्हतं.

हा विद्यार्थी म्हणजे विनायक नरहर भावे, पुढे आपण ज्यांना विनोबा म्हणून ओळखू लागलो ते. आईवडिलांना एक शिक्षण हवं आहे, मन दुसरीकडे ओढतं आहे, अशा कोंडीत सापडलेली मुलंमुली आजही कुणा महाराजांना, स्वामींना, आश्रमातल्या एखाद्या ताईंना पत्र लिहितात: मी काय करू, तुम्हीच सांगा. अशा पत्राला चांगलं उत्तर कोणतं, हा प्रश्न मला पडतो तेव्हा मी विनोबांच्या त्या दोन वर्षांकडे वळते. कारण विनोबांनीही असंच पत्र लिहिलं होतं आणि त्याला मिळालेलं उत्तर नीट पाहण्याजोगं आहे.

त्याआधी घर पाहायला हवं. भावे मूळचे पेणजवळच्या गागोद्याचे. वडील नरहरराव नोकरीसाठी बडोद्याला आले. कापड आणि रंग हा त्यांचा विषय होता. वैज्ञानिक दृष्टीचा, शिस्तीचा, घरीही रंगांचे प्रयोग करणारा हा माणूस. मुलाने आधुनिक विद्या शिकावी असं त्यांना वाटत होतं, म्हणून शाळेत त्याने फ्रेंच घेतली. आई रुक्मिणीबाई भाविक. ब्राह्मणाच्या मुलाने संस्कृत शिकू नये हे त्यांना रुचलं नाही आणि मुलाने संस्कृतही सुरू केलं. आपण दबाव म्हणतो तो बहुतेक घरांत असाच असतो. त्यात दुष्टपणा नसतो, दोन माणसांच्या दोन प्रामाणिक इच्छा असतात आणि त्या एकाच मुलावर येऊन पडतात. नरहररावांना खलनायक करून ही गोष्ट सांगणारे मला पटत नाहीत. ज्या ज्ञानावर त्यांचा स्वतःचा संसार उभा होता, तेच ते मुलाला देऊ पाहत होते.

मुलगा अभ्यासात कच्चा नव्हता. गणित तर त्याच्या आवडीचं. लहानपणीच त्याने ब्रह्मचर्याचं मनाशी ठरवलं होतं. अनवाणी चालणं, जमिनीवर झोपणं, साधं खाणं हे बडोद्यातच वर्षानुवर्षं चाललं होतं. घर सोडण्यापूर्वी एकदा तो आईच्या चुलीशी बसून कागद जाळत होता. काय जाळतोस, असं आईने विचारलं. मॅट्रिकची आणि इतर प्रमाणपत्रं, तो म्हणाला. अरे, कधी लागली तर? नाही लागणार, हे त्याचं उत्तर. म्हणून सुरतेला उतरणं ही परीक्षेच्या धास्तीने केलेली पळापळ म्हणता येत नाही. पेपर सोपे असते तरी तो उतरलाच असता. निर्णय तपासायला मला हीच कसोटी सर्वांत उपयोगी वाटते. नापास होण्याची भीती उद्या नाहीशी झाली, तर मन तरीही तिकडेच जाईल का?

काशी निवडण्याला कारण होतं. मनात दोन ओढी होत्या, एक हिमालयाची आणि दुसरी बंगालमधल्या क्रांतिकारकांची. काशी दोन्ही वाटांवर पडते. तिथे तो अन्नछत्रात जेवला, संस्कृत ग्रंथ वाचले, थोडं इंग्रजी शिकवून किरकोळ पैसे मिळवले. बरोबर आलेल्यांपैकी एक मित्र आजारी पडून तिथेच वारला. वीस वर्षांचा मुलगा, परकं शहर, मित्राची चिता, आणि बडोद्याच्या घरी काहीच पत्ता नाही.

त्याच शहरात फेब्रुवारीत गांधीजींचं भाषण होऊन गेलं होतं. बनारस हिंदू विद्यापीठाच्या समारंभात, दागिन्यांनी मढलेल्या संस्थानिकांसमोर, त्यांनी त्या दागिन्यांवरच बोट ठेवलं. विश्वनाथाच्या गल्लीतल्या घाणीबद्दल ते बोलले, व्हाइसरॉयसाठी ठेवलेल्या बंदोबस्ताबद्दल आणि निर्भयतेबद्दल बोलले. ॲनी बेझंट यांनी मध्येच थांबवलं, राजेमहाराजे उठून गेले. काही आठवड्यांनंतरही गावात त्याची चर्चा चालू होती. विनोबांनी ते भाषण वर्तमानपत्रात वाचलं आणि गांधीजींना पत्र लिहून अहिंसेविषयीच्या शंका विचारल्या.

मी कोणती वाट धरू, असा थेट प्रश्न त्यांनी विचारला नव्हता. पण हिमालय की बंगाल, शांती की क्रांती, या पेचातल्या मुलाच्या अहिंसेबद्दलच्या शंका म्हणजे त्याच्या आयुष्याचाच प्रश्न होता. गांधीजींनी उत्तर दिलं. विनोबांनी त्यावर पुन्हा शंका काढून दुसरं पत्र पाठवलं. या वेळी पोस्टकार्ड आलं. अशा प्रश्नांचा निकाल पत्रांनी लागत नाही, तो जगण्यातून लागतो, तेव्हा काही दिवस आश्रमात येऊन राहा, असा त्याचा मतलब होता. सोबत आश्रमाच्या नियमांचं पत्रक होतं.

या पोस्टकार्डाजवळ थोडं थांबायला हवं. गुरूने शिष्याचा निर्णय स्वतःच्या हातात घेतला नाही. घर सोड म्हटलं नाही, परत जा म्हटलं नाही. आपल्याकडचं जगणं कसं आहे त्याचे नियम आधीच लेखी पाठवले, म्हणजे येणाऱ्याला काय पत्करावं लागेल ते येण्याआधी कळावं. आणि येण्याला मुदत काही दिवसांची घातली. पत्र लिहिणाऱ्याच्या डोक्यात त्या वाटेचं चित्र असतं, वाट नसते. कीर्तनकार, संन्यासी, चित्रकार किंवा समाजसेवक व्हायचं म्हणणाऱ्या मुलाला त्या माणसाची पहाट कितीला होते, दुपारी तो काय करतो, हे पत्रातून कळत नाही.

7 जून 1916 रोजी विनोबा अहमदाबादला कोचरबच्या आश्रमात पोचले. गांधीजी भाजी चिरत बसले होते. त्यांनी दुसरी सुरी पुढे केली. देशाचा पुढारी म्हणून ज्याच्याकडे आलो तो भाजी चिरतो, हे या मुलाला नवं होतं. श्रमाचा पहिला पाठ तो असा शिकला.

बोलता बोलता निघालं की मुलगा कुठे आहे हे घरी कुणालाच ठाऊक नाही. तेव्हा गांधीजींनी स्वतः नरहररावांना पत्र लिहिलं. तुमचा मुलगा माझ्याजवळ आहे, आणि जे मिळवायला मला पुष्कळ वर्षं लागली ते त्याने इतक्या लहान वयात मिळवलं आहे, असा त्याचा भाव होता. मला या साऱ्या प्रकरणात हे पत्र सर्वांत मोलाचं वाटतं. सुरतेच्या पत्रात मुलाने जी जागा कोरी ठेवली होती, ती गुरूने भरली. घर सुटलेल्या मुलाच्या घरी आधी खबर पोचवायची, हे त्यांनी आपलं काम मानलं. आजही एखादे स्वामी किंवा आश्रम भला आहे की नाही हे ओळखायची ही चांगली खूण आहे. आईवडिलांना कळवू नकोस, त्यांना समजणार नाही, असं जिथे सांगितलं जातं तिथून परत फिरावं.

पुढच्या वर्षी विनोबांनी आश्रमातून एक वर्षाची रजा मागितली. प्रकृती सुधारायची होती आणि शास्त्रांचा अभ्यास करायचा होता. ते वाईला प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठे यांच्यापाशी शिकले. 1918च्या फेब्रुवारीत त्यांनी तिथून गांधीजींना लांबलचक पत्र लिहिलं. पहिल्या पत्रांत शंका होत्या, या पत्रात हिशेब आहे. उपनिषदं, गीता, ब्रह्मसूत्रं यांतलं किती वाचलं, कोणाला गीता फुकट शिकवली, पायी सुमारे 400 मैल कसे चाललो, कोणते किल्ले चढलो, आहारात काय सोडलं, मुलांबरोबर दळण दळून त्या पैशांतून वाचनालय कसं चालवलं, सारं मांडलेलं आहे. ते वाचून गांधीजींच्या तोंडून उद्गार निघाला की हा तर भीम आहे. त्या पत्रात विनोबांनी त्यांना वडिलांच्या जागी मानलं होतं आणि गांधीजींनी उत्तरात ती जागा स्वीकारली.

इथे माझं मन बडोद्याकडे जातं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, इन्फ्लुएंझाच्या साथीत रुक्मिणीबाई गेल्या. आई आजारी आहे असं कळल्यावर गांधीजींनी विनोबांना आग्रहाने घरी पाठवलं होतं. पुढे बाळकोबा आणि शिवाजी हे धाकटे भाऊही त्याच वाटेने गेले. एका घरातले तिन्ही मुलगे. नरहररावांनी तो एकटेपणा कसा काढला असेल, याची कल्पना करताना मुलाच्या धैर्याचं कौतुक थोडं आवरतं घ्यावंसं वाटतं.

सोळा वर्षांनी, 1932 मध्ये, धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली. साने गुरुजींनी ती लिहून घेतली. सुरुवातीलाच स्वधर्माचा विषय येतो. अर्जुनाला एकाएकी संन्यास सुचतो, तो वैराग्यातून नव्हे तर समोर आप्त दिसल्यामुळे आलेल्या मोहातून, हे विनोबा बारकाईने उलगडून दाखवतात. आणि स्वधर्म हुडकत हिंडायचा नसतो, आई जशी आपल्याला जन्मतःच मिळते तसा तो येऊन मिळतो, असं सांगतात. घर सोडून गेलेला माणूस हे म्हणतो, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी गोंधळले होते. मग ध्यानात आलं की सुरतेला उतरण्यापूर्वीची दहा वर्षं त्यांना त्यात मोजायची असणार. ती वाट बडोद्यातल्या घरातच, आईच्या देवघरात आणि वडिलांच्या शिस्तीत, सुरू झालेली होती.

म्हणून माझ्या ओळखीची एक मुलगी, घरच्यांनी आखलेला अभ्यासक्रम सोडून कीर्तन शिकायचं म्हणते आणि एका बुवांना पत्र लिहिते आहे, तेव्हा मी तिला एवढंच विचारलं: गेल्या वर्षी कुणी न सांगता तू त्यातलं काय केलंस, ते लिही. किती आख्यानं पाठ केलीस, किती पहाटे उठलीस, घरातलं कुठलं काम टाळून आणि कुठलं न टाळता. आणि पत्राची एक प्रत बाबांच्या टेबलावर ठेव. तिने पहिला मजकूर फाडून टाकला. दुसरा अजून लिहिते आहे. आख्यानांच्या रकान्यात आत्ता दोन नावं आहेत.