जुन्या पेटीवरचा पत्ता

देवगडच्या एखाद्या हापूस बागायतदाराचं उदाहरण घेऊ. समजा, आठ वर्षांपूर्वी त्यांनी संकेतस्थळ सुरू केलं आणि आंब्याच्या प्रत्येक पेटीवर क्यूआर कोड छापला. तो मोबाइलनं टिपला की `/hapus.html` हे पान उघडायचं. यंदा हंगामाआधी नवं संकेतस्थळ तयार झालं असून त्यात हेच पान `/amba/hapus/` या पत्त्यावर गेलं आहे. गेल्या वर्षीची पेटी मात्र पुण्यातल्या एका घरात कांदे-बटाटे ठेवायला वापरात आहे. त्या घरातल्या कुणी यंदाचे आंबे मागवण्यासाठी तो कोड टिपला, तर काय दिसेल? ‘४०४, पान सापडत नाही.’ गिऱ्हाईक हातचं गेलं आणि बागायतदाराला ते कळलंही नाही.

म्हणून नवं संकेतस्थळ खुलं करण्याआधी पहिलं काम जुन्या पत्त्यांची यादी करण्याचं. पेट्या, पावत्या, व्हॉट्सॲपवरचे जुने संदेश आणि गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये दिसणारी पानं, असं सगळं धुंडाळून प्रत्येक जुन्या पत्त्यासमोर नवा पत्ता लिहायचा. मग सर्व्हरला तसं सांगायचं. अपाची सर्व्हरवर ती एक ओळ असते:

```
Redirect 301 /hapus.html /amba/hapus/
```

यातला ३०१ म्हणजे ‘कायमचं स्थलांतर’. ३०२ म्हणजे ‘तात्पुरतं’. तिथं ३०२ लिहिलं, तर शोधयंत्र जुनाच पत्ता धरून बसण्याची शक्यता असते. दुसरी नेहमीची चूक म्हणजे सगळे जुने पत्ते सरसकट मुखपृष्ठाकडे वळवणं. हापूसचा भाव पाहायला आलेला माणूस तिथं पुन्हा शोधत बसतो, आणि गूगलही अशा वळणाला बहुधा हरवलेलं पानच समजतं. वळण नीट लागलं का, हे संगणकावरून असं तपासता येतं:

```
curl -I https://example.com/hapus.html
```

उत्तरात `301` आणि `Location` पुढे नवा पत्ता दिसला पाहिजे. यानंतर तुटके दुवे शोधणाऱ्या साधनानं नवं संकेतस्थळ पानोपान तपासायचं, म्हणजे आतल्या आत कुठलं पान वा चित्र हरवलं असेल तर तेही सापडतं.

जुनं संकेतस्थळ काढण्याआधी बॅकअप घेतात. पण तो उघडून पाहतात का? ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीत एका अभियंत्याच्या हातून चुकीच्या सर्व्हरवरची माहिती पुसली गेली. बॅकअपच्या अनेक व्यवस्था होत्या, पण रोजचा बॅकअप आवृत्ती जुळत नसल्यानं तयारच होत नव्हता आणि तसं कळवणाऱ्या ईमेल पोहोचत नव्हत्या. सहा तासांपूर्वी सहज घेतलेली एक प्रत होती, म्हणून बाकीचं वाचलं. आपल्या बागायतदारानंही बॅकअप दुसऱ्या जागी उतरवून त्यात गेल्या हंगामाच्या ऑर्डरी दिसतात का, ते पाहावं. फायलींबरोबर डेटाबेसही हवा, कारण ऑर्डरी त्यातच असतात.

ब्राउझरच्या तपासणीत क्रोम आणि एज दोन्ही पाहिले म्हणजे दोन परीक्षा झाल्या, असं नाही. दोघांचं इंजिन एकच आहे. आयफोनवर मात्र आपल्याकडे क्रोमसुद्धा सफारीच्याच इंजिनावर चालतं. त्यामुळे एक खरा आयफोन, एक स्वस्तातला अँड्रॉइड फोन आणि संगणकावर क्रोम व फायरफॉक्स, एवढं तरी पाहावं. नुसतं मुखपृष्ठ बघून थांबू नये. एक पेटी खरोखर मागवावी, पैसे भरावेत आणि पावती येते का ते पाहावं. मराठी जोडाक्षरं फुटत नाहीत ना, हेही त्याच वेळी दिसतं.

शेवटचं सुरक्षा प्रमाणपत्र. ते `www` असलेल्या आणि नसलेल्या, दोन्ही नावांसाठी लागतं. लेट्स एन्क्रिप्टचं मोफत प्रमाणपत्र आजवर ९० दिवसांचं मिळत आलं आहे. १ फेब्रुवारीला घेतलेलं असं प्रमाणपत्र २ मेला, ऐन हंगामात संपतं आणि गिऱ्हाइकाला धोक्याचा इशारा दिसू लागतो. नूतनीकरण आपोआप होतं, असं सांगितलं जातं. पण त्याची रंगीत तालीम आधीच करावी:

```
certbot renew --dry-run
```

ही सगळी तपासणी करताना एक पथ्य पाळा. ज्यानं संकेतस्थळ बांधलं, त्याच्या संगणकावर ते चालणारच. शेवटची तपासणी घराबाहेरच्या माणसाकडून, त्याच्या फोनवर आणि गेल्या वर्षीची पेटी हातात देऊन करून घ्या.