‘काही लागलं तर सांगा’ म्हटल्यावर लोक काहीच का सांगत नाहीत?

कुणाच्या घरी आजारपण आलं, अपघात झाला, पुराचं पाणी शिरलं, की व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज ठरलेला असतो. ‘काही मदत लागली तर नक्की सांग.’ त्याचं उत्तरही ठरलेलं असतं. ‘हो हो, सांगतो. सध्या काही नको.’

मेसेज पाठवणाऱ्याला खरंच मदत करायची असते. वाचणाऱ्याला बऱ्याचदा खरंच मदत हवी असते. तरीही दोघांच्या मध्ये काहीच घडत नाही. गडबड प्रश्न विचारण्याच्या पद्धतीत आहे.

‘नको’ म्हणणं सोपं का पडतं?

‘काही हवंय का?’ या प्रश्नाला ‘हो’ म्हणायचं तर समोरच्याला बरीच कामं करावी लागतात. आपल्याला काय काय लागणार आहे ते आठवायचं. त्यातलं या माणसाला काय जमेल याचा अंदाज घ्यायचा. किती मागितलं तर शोभेल हे ठरवायचं. मग तोंड उघडून ते मागायचं. याउलट ‘नको’ एका शब्दात संपतं. अडचणीतल्या माणसाकडे आधीच त्राण कमी असतं, त्यामुळे तो एका शब्दाचं उत्तर निवडतो.

दुसरं कारण आहे भीड. ‘हो’ म्हटलं की आपण मागणारे झालो आणि समोरचा देणारा झाला. पेनेलोपी ब्राउन आणि स्टीफन लेव्हिन्सन या भाषाअभ्यासकांनी सभ्य बोलण्यावर जे काम केलं, त्यात हा मुद्दा येतो. मदत देऊ करणं हेसुद्धा समोरच्यावर एक ओझं टाकणं असतं, कारण ती घेतली की परतफेडीचं कर्ज डोक्यावर बसतं. मराठीत याला ‘मिंधेपणा’ असा नेमका शब्द आहे.

आपल्याकडे जुन्या पद्धतींनी यावर तोडगा काढलेला दिसतो. शेतीतली सावड घ्या. आज तुमची दोन माणसं आमच्या शेतात, परवा आमची दोन तुमच्या शेतात. हिशोब उघड असल्यामुळे कुणी कुणाचा मिंधा होत नाही. सुतकाच्या घरी शेजारी पिठलं-भात घेऊन जातात, तेव्हाही ‘जेवायला हवंय का?’ असं कुणी विचारत नाही. विचारलं तर उत्तर ‘नको’ येणार हे सगळ्यांना माहीत असतं.

एका शब्दाने पडलेला फरक

प्रश्नातले शब्द उत्तराला एका बाजूला झुकवतात का, हे अमेरिकेत डॉक्टरांच्या दवाखान्यात तपासलं गेलं. जॉन हेरिटेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात २० डॉक्टर आणि २२४ रुग्ण होते. आपल्याला काय काय त्रास आहे, हे रुग्णांनी आत जाण्याआधी लिहून दिलं होतं. मुख्य तक्रार ऐकून झाल्यावर काही डॉक्टरांनी विचारलं, ‘एनीथिंग एल्स?’ इतरांनी विचारलं, ‘समथिंग एल्स?’

ज्यांना एकाहून जास्त तक्रारी होत्या, त्यांच्यात ‘समथिंग’ ऐकलेल्या सुमारे ९० टक्के रुग्णांनी ‘हो’ म्हटलं. ‘एनीथिंग’ ऐकलेल्यांत हे प्रमाण सुमारे ५३ टक्केच होतं. म्हणजे दुखणं असूनही जवळपास निम्मे लोक ‘नाही’ म्हणाले. इंग्रजीत ‘एनी’ हा शब्द नकाराच्या वाक्यांत जास्त येतो, म्हणून तो ऐकला की ‘नाही’ हेच अपेक्षित उत्तर वाटतं.

मराठीत ‘काही’ हा शब्द दोन्हीकडे चालतो. ‘काही हवंय’ आणि ‘काही नको’. त्यामुळे आपल्याकडे झुकाव येतो तो वाक्याच्या शेपटीतून. ‘काही त्रास नाही ना?’, ‘सगळं ठीक आहे ना?’, ‘अजून काही नको ना?’ यांतल्या ‘ना’ने उत्तर आधीच लिहून ठेवलेलं असतं. पुणेकरांवरचा ‘जेवूनच आला असाल ना?’ हा विनोद याच शेपटीवर चालतो.

आता किराणा दुकानदाराचं बोलणं आठवा. सामान बांधताना तो ‘अजून काय देऊ?’ असं विचारतो. ‘काही’च्या जागी ‘काय’ आलं की काहीतरी लागणार आहे हे गृहीत धरलं जातं, आणि गिऱ्हाईकाला फक्त नाव घ्यायचं उरतं.

सगळंच गेलेलं असतं तेव्हा

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या कुशीतल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता, त्यामुळे बचावाची मोठी यंत्रं वर नेता आली नाहीत. २३ जुलैला शोधकार्य थांबवलं गेलं, तेव्हा २७ मृतदेह सापडले होते आणि ५७ जण बेपत्ता होते. वाचलेल्या ठाकर कुटुंबांची सोय आधी मंदिरात आणि नंतर चौकजवळ कंटेनरच्या घरांत करण्यात आली.

अशा प्रसंगी ‘तुम्हाला काय हवंय?’ हा प्रश्नही अपुरा पडतो. ज्याचं घर, भांडी, कागदपत्रं आणि माणसं एका रात्रीत गेली, त्याने यादी कुठून सुरू करायची? शिवाय समोर अनोळखी माणूस उभा असतो. त्याच्याकडे अंतर्वस्त्रं किंवा सॅनिटरी पॅड मागायला कोणतीही बाई संकोचणारच.

म्हणून आपत्तीत काम करणारे लोक गरज थेट विचारण्याऐवजी दिवस कसा गेला ते विचारतात. ‘पाणी पुरतंय ना?’ असं विचारलं तर ‘हो’ येतं. ‘काल घरात किती हंडे पाणी भरलं?’ असं विचारलं तर आकडा येतो. मदतकार्यात जगभर वापरल्या जाणाऱ्या ‘स्फिअर’ या मानकांनुसार माणशी रोज किमान १५ लिटर पाणी लागतं. म्हणजे पाच माणसांच्या घराला १५ लिटरचे पाच हंडे. उत्तर ‘दोन’ आलं की गरज कळली, आणि कुणाला काही मागावंही लागलं नाही. संकोचाच्या वस्तू तर विचारण्यापेक्षा प्रत्येक कुटुंबाच्या पिशवीत आधीच घालून ठेवल्या, तर प्रश्नच उरत नाही.

तीच मदत, दोन पद्धतींनी

रोजच्या आयुष्यातलं उदाहरण घेऊ. समजा, कर्जत तालुक्यातल्या एका गावात जुलैमध्ये घरातला कर्ता माणूस बाइकवरून पडला आणि पाय प्लॅस्टरमध्ये गेला. घरी बायको, सासूबाई आणि शाळेतली दोन मुलं. भाताची रोपं साधारण २१ ते २५ दिवसांची झाली की लावणी उरकावी लागते. जास्त दिवस थांबलं तर फुटवे कमी येतात आणि पीक घटतं.

शेजारी म्हणतो, ‘वहिनी, काही लागलं तर सांगा हं.’ उत्तर येतं, ‘हो भाऊजी, लागलं तर सांगूच.’ विषय संपला. रोपं तशीच उभी.

आता हेच वेगळ्या शब्दांत.

‘वहिनी, तुमची रोपं लावणीला आलीत. आमचं काम बुधवारी आटपतंय. आम्ही चौघं गुरुवारी येऊ की शुक्रवारी?’

‘तुम्हाला कशाला त्रास, भाऊजी?’

‘त्रास कसला? कापणीला तुम्ही या की आमच्याकडे.’

‘मग शुक्रवारी या. गुरुवारी ह्यांना एक्स-रेला न्यायचंय.’

‘किती वाजता निघायचंय? रिक्षा सांगून ठेवतो.’

यात शेजाऱ्याने आधी डोळ्यांनी पाहिलं आणि गरजेचं नाव स्वतः घेतलं. किती माणसं, कोणतं काम, हे ठरवून सांगितलं, त्यामुळे वहिनींना अंदाज बांधावा लागला नाही. ‘येऊ का?’ न विचारता दोन दिवस पुढे ठेवले. कापणीचा उल्लेख करून मिंधेपणा काढून टाकला. आणि दिवस ठरवता ठरवता एक्स-रेची गोष्ट बाहेर आली, जी ‘काही लागलं तर’ला उत्तर म्हणून कधीच आली नसती.

खरा ‘नको’ ओळखायचा कसा?

पहिला ‘नको’ हा नेहमी नकार नसतो. ‘चहा घेणार?’ या प्रश्नावरचा ‘नको नको, आत्ताच झाला’ सगळ्यांच्या ओळखीचा आहे. म्हणूनच जाणती मंडळी ‘कोरा की दुधाचा?’ असं विचारतात. पण दुसऱ्या टोकाला आग्रहही असतो. मधुमेह असलेल्या पाहुण्याच्या ताटात जिलेबी वाढणारा यजमान त्याचा ‘नको’ ऐकतच नसतो.

फरक बऱ्याचदा उत्तरातच दिसतो. पटकन आलेला, मागे कारण नसलेला ‘नको, नको, कशाला?’ हा बहुतेक वेळा भिडेचा असतो. खऱ्या नकारासोबत माहिती येते. ‘गावाहून भाऊ आलाय, लावणी तोच बघतोय.’ असं उत्तर आलं की तिथे थांबायचं. कारण कळत नसेल तर एकदाच, आणखी लहान काम पुढे करून पाहायचं. त्यावरही ‘नको’ आलं तर तो नकार मानायचा.

दोन पर्याय देण्याचीही मर्यादा आहे. पैसे, दुखण्याचा तपशील, घरातले वाद अशा बाबतीत ‘हे की ते?’ विचारणं म्हणजे माणसाला कोपऱ्यात गाठणं. तिथे बाहेर पडायला दार ठेवावं लागतं. ‘नको असेल तर तसं सांगा, मला वाईट वाटणार नाही.’ आणि जे खरंच करता येणार आहे तेवढंच बोलावं. ठरवून सांगितलेली मदत आली नाही, तर ती मोघम मेसेजपेक्षा जास्त महागात पडते, कारण समोरचा तिच्यावर विसंबून बसलेला असतो.

मेसेजच पाठवायचा असेल, तर ‘काही लागलं तर सांग’ऐवजी असा पाठवता येईल. ‘उद्या सकाळी ११ ला मी कर्जत बाजारात आहे. औषधाच्या चिठ्ठीचा फोटो टाक, येताना घेऊन येतो. भाजी कोणती आणू?’

याला उत्तर म्हणून फोटो आणि भाजीचं नाव पाठवलं की झालं.